आठ टेस्लांचा उंदीर

विद्युत अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडे आहे हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते मीच सांगितलेलं आहे. त्या पदवीनंतरची सगळी नोकरी मी निविदा उघडणे, त्या फायलीला लावणे आणि त्यांवर 'चर्चा करावी' असा शेरा मारणे यात काढली, हे मात्र मी फारसं सांगत नाही. त्यामुळे कुणाचा मिक्सर बंद पडला किंवा जिन्यातला दिवा लुकलुकायला लागला की लोक माझ्याकडे येतात. मी कपाळाला आठ्या घालून "लोड वाढलाय" असं म्हणतो. आजवर हे निदान कुणी खोडून काढलेलं नाही.

यंदा गणपतीच्या बैठकीत हलत्या देखाव्याचा विषय निघाला. कल्पना साधी होती. बाप्पांपुढे मोदकांचं ताट, ताटाशेजारी डुलक्या घेणारा उंदीर, आणि थोड्या थोड्या वेळाने उंदराने मान वर करून मोदकाकडे बघायचं, पुन्हा मान टाकायची. तळमजल्यावरच्या एका सभासदाने मोटारीच्या वायपरची मोटर लावायची सूचना केली. पुण्यातले निम्मे हलते देखावे याच मोटरवर हलत आले असतील, तेव्हा सूचना अत्यंत शहाणपणाची होती. म्हणूनच ती मला आवडली नाही. "मोटर घरघरते," मी म्हणालो, "आपण इलेक्ट्रोमॅग्नेट लावू. आवाज नाही, झीज नाही. मी करून देतो."

बैठकीत कौतुकाची कुजबुज झाली. वायपरवाले सभासद गप्प बसले. चहा झाला.

घरी आल्यावर मी माळ्यावरून कॉलेजचं पुस्तक काढलं. पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं होतं की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. लोखंडाच्या गाभ्यावर तारेचे वेढे घाला, त्यातून करंट सोडा, की गाभ्यातून चुंबकीय फ्लक्स वाहू लागतो. वेढ्यांची संख्या गुणिले करंट, म्हणजे अँपिअर-वेढे, हा झाला ढकलणारा जोर. वाटेत जो अडसर येतो तो रिलक्टन्स. जोराला रिलक्टन्सने भागलं की फ्लक्स मिळतो. अगदी ओहमच्या नियमासारखं, व्होल्टेजला रोधाने भागलं की करंट मिळावा तसं.

```
R = l / (μ₀ · μᵣ · A)
Φ = N · I / R
```

पहिल्या ओळीत l म्हणजे वाटेची लांबी, A म्हणजे वाटेचा छेद, μ₀ हा निर्वात जागेचा ठरीव आकडा, म्हणजे ४π गुणिले दहाचा उणे सातवा घात, आणि μᵣ म्हणजे तो पदार्थ हवेच्या किती पट सहज फ्लक्स जाऊ देतो ते. वाट लांब असेल तर अडसर जास्त, रुंद असेल तर कमी. यात न कळण्यासारखं काही नाही, आणि मला सगळं कळलंही होतं. पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालेलं नाही, ते कळल्यामुळे झालं.

मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानात मिस्त्रींनी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या सिलिकॉन पोलादी पत्र्या रचून मला यू आकाराचा गाभा करून दिला. दोन पाय वर, आणि त्यांच्यावर आडवी बसणारी तसल्याच पत्र्यांची एक पट्टी. ही पट्टी उंदराच्या आतल्या तरफेच्या एका टोकाला जोडायची. चुंबकाने पट्टी खाली ओढली की तरफेच्या दुसऱ्या टोकावरचं डोकं वर. गाभ्याचा छेद अडीच बाय दोन सेंटिमीटर, म्हणजे ५ चौरस सेंटिमीटर. गाभा आणि पट्टी मिळून लोखंडातली एक पूर्ण फेरी ३० सेंटिमीटरची. बॉबिनवर २४ गेजच्या एनॅमल तारेचे ५०० वेढे. गुंडाळीचा रोध साडेचार ओहमच्या आसपास भरला, तेव्हा जुन्या मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर लावला की साधारण १ अँपिअर करंट. म्हणजे ५०० अँपिअर-वेढे. चार्जर घरातला असल्यामुळे हा भाग फुकट झाला, आणि हिला मी तो दोनदा सांगितला.

मग मी गणित केलं. लोखंडाचा μᵣ मी ४,००० धरला. ३० सेंटिमीटर लोखंडाचा रिलक्टन्स आला सुमारे १ लाख १९ हजार. (एकक अँपिअर-वेढे प्रति वेबर असं आहे, ते दर वेळी लिहीत नाही.) ५०० भागिले १ लाख १९ हजार, म्हणजे फ्लक्स ४.२ मिलिवेबर. त्याला छेदाने भागलं की फ्लक्सची घनता ८.४ टेस्ला. ओढ किती हे या घनतेच्या वर्गावरून काढतात. दोन पायांची मिळून ओढ आली सुमारे २.८ टन.

ओढ भरपूर आहे याचा मला आनंद झाला. उंदराचं डोकं कागदाच्या लगद्याचं, ४० ग्रॅमचं. तरफ एकास दहा, म्हणजे पट्टीवर ४०० ग्रॅमची ओढ पुरे. माझ्याकडे २,८०० किलो होती. अभियांत्रिकीत याला सुरक्षा गुणक म्हणतात, आणि माझा सात हजार होता.

कागद मी सहज दिसेल असा टेबलावर ठेवला. माझी भाची तेव्हा आमच्याकडे राहायला होती, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. तिने कागद पाहिला.

"मामा, हे बी ८.४ टेस्ला आलंय."

"मग?"

"जिनिव्हापाशी तो मोठा कोलायडर आहे ना, २७ किलोमीटरचा? त्यातले चुंबक ८.३ टेस्लाचे आहेत. ते अतिवाहक तारेचे असतात, त्यांतून बारा हजार अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि ते उणे २७१ अंशांवर ठेवावे लागतात." ती थांबली. "तुम्ही चार्जर लावलाय."

मी म्हणालो की जुने चार्जर दणकट असत.

मग तिने मला जे सांगितलं ते पुस्तकातही होतं, फक्त पुढच्या पानावर. लोखंड फ्लक्स सहज जाऊ देतं ते काही मर्यादेपर्यंतच. सिलिकॉन पोलाद दीड टेस्लाच्या पुढे कुरकुरायला लागतं आणि दोनच्या आसपास जवळजवळ हात टेकतं. त्याच्या आतले चुंबकीय कप्पे एका दिशेला वळून झालेले असतात, वळायला आणखी काही उरलेलं नसतं. त्यानंतर करंट वाढवला तर फ्लक्स वाढतो, पण हवेत वाढावा तितकाच. म्हणजे μᵣ हा ४,००० असा कायम राहणारा आकडा नव्हेच, घनता वाढली की तो कोसळतो, आणि रिलक्टन्स त्याबरोबर चढतो. ओहमच्या नियमाशी असलेलं साम्य इथे सुटतं. उत्तर दीड टेस्लाच्या वर आलं की सरळ भागाकार फाडून टाकायचा आणि त्या पोलादाचा बी-एच आलेख घेऊन बसायचं. तिच्या वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं म्हणे. आमच्या वर्गातही असणार. मी त्या तासाला कुठे होतो ते आठवत नाही, पण कँटीनचा वडा आठवतो.

"आणि यात फट कुठाय?" तिने विचारलं.

"कसली फट?"

"पट्टी आधीपासून चिकटलेली असेल तर उंदीर हलणार कसा?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पट्टी पायांपासून ५ मिलिमीटर वर असणार, म्हणजे एकास दहाच्या तरफेने डोकं ५ सेंटिमीटर उचललं जाईल. त्या ५ मिलिमीटरांत हवा. आणि हवेचा μᵣ म्हणजे १. लोखंडाचे ४,०००, हवेचा एक. याचा अर्थ त्याच छेदाची १ मिलिमीटर हवा ही ४ मीटर लोखंडाइतकी अडवते. माझं सगळं लोखंड मिळून फूटभर. द्रुतगती मार्गावरून सुसाट यावं आणि मध्येच खाडी लागून होडीची वाट बघत बसावं, तशी त्या फ्लक्सची अवस्था. रस्ता किती गुळगुळीत आहे याला मग काही महत्त्व उरत नाही, पोचायला लागणारा सगळा वेळ होडीच ठरवते.

इंग्लंडात जॉन आणि एडवर्ड हे हॉपकिन्सन बंधू डायनामोचं गणित मांडायला बसले तेव्हा त्यांनी नेमकं हेच केलं होतं. वाटेचे तुकडे पाडायचे, लोखंडाचा वेगळा, हवेच्या फटीचा वेगळा, प्रत्येकाला किती अँपिअर-वेढे लागतात ते काढायचं आणि बेरीज करायची. त्यांचा निबंध १८८६ सालचा. म्हणजे मी चुकलो तेव्हा बरोबर उत्तर उपलब्ध होऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झालेली होती.

तर मी पुन्हा बसलो. भाचीला म्हणालो, आता तू बोलू नकोस, हे मी करणार. ५ मिलिमीटर हवेचा रिलक्टन्स सुमारे ८० लाख. त्यात लोखंडाचे १ लाख १९ हजार मिळवले. फ्लक्स ०.०६२ मिलिवेबर, घनता ०.१२ टेस्ला, दोन पायांची ओढ ६२० ग्रॅम. २.८ टनांवरून ६२० ग्रॅमवर येताना माणसाला थोडं वाईट वाटतं, पण लागणार होते ४०० ग्रॅम. दीडपट हाताशी होती. मी सेक्रेटरींना फोन केला आणि रंगीत तालमीला सगळ्यांना बोलवा म्हणून सांगितलं.

तालमीला सगळे आले. वायपरवाले सभासदही आले, ते पुढेच बसले. मी चार्जरची कळ दाबली. उंदीर झोपलेला होता, तो झोपलेलाच राहिला. मी कळ पुन्हा दाबली. कान लावला तर गुंडाळीतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि आवाज होणार नाही हे माझं आश्वासन तेवढं पाळलं गेलं होतं. एका लहान मुलाने "उंदीर मेलाय का?" असं विचारलं. त्याच्या आईने त्याला गप्प केलं, पण हसून केलं.

"लोड वाढलाय," मी म्हणालो. लोड ४० ग्रॅम होता.

पुढचे काही दिवस मी दोष लोखंडावर ठेवला. आपल्याकडे काही चाललं नाही की माल हलका होता म्हणायची पद्धत आहे, आणि निविदांच्या फायलींत मी हे वाक्य शेकडो वेळा वाचलेलं होतं. पासोड्या विठोबाच्या परिसरात चौकशी करकरून मी ट्रान्सफॉर्मरसाठी वापरतात त्या चांगल्या, सीआरजीओ पत्र्यांचा गाभा मिळवला. त्याचं बिल अजून घरी दाखवलेलं नाही. नव्या गाभ्याची पर्मिएबिलिटी जुन्याच्या निदान दुप्पट आहे असं दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. गाभा बसवला, कळ दाबली. उंदराने या खर्चाची कुठलीही दखल घेतली नाही.

भाचीने तोवर न बोलण्याचं वचन पाळलं होतं. आता तिने कागद ओढून घेतला. "मामा, पाय किती?"

"दोन."

"मग फटी किती?"

फ्लक्सला एक पूर्ण फेरी मारावी लागते. एका पायातून वर येऊन, हवा ओलांडून पट्टीत शिरायचं, पट्टीतून आडवं जायचं आणि दुसऱ्या पायात उतरताना पुन्हा हवा ओलांडायची. ५ मिलिमीटरची फट दोन ठिकाणी होती, म्हणजे वाटेत हवा एकूण १० मिलिमीटर. रिलक्टन्स १ कोटी ५९ लाख. लोखंडाचे मिळवून १ कोटी ६० लाख. फ्लक्स ०.०३१ मिलिवेबर, म्हणजे माझ्या आकड्याच्या निम्मा, आणि ओढ वर्गाने बदलते म्हणून ती पाव: अवघी १५८ ग्रॅम. ४०० ग्रॅम उचलायला १५८ ग्रॅम. उंदराची काहीच चूक नव्हती.

तिने दुसरीही एक बेरीज करून दाखवली, ती मला जास्त लागली. १ कोटी ६० लाखांत लोखंडाचा वाटा १ लाख १९ हजार, म्हणजे पाऊण टक्का. पर्मिएबिलिटी दुप्पट झाली तर त्या पाऊण टक्क्याचं अर्धं वाचतं. नवा, महागडा गाभा लावून मी फ्लक्स ०.४ टक्क्यांनी वाढवला होता. फट मोठी असेल तेव्हा लोखंडाची प्रत जवळजवळ बिनमहत्त्वाची असते. फट बंद असताना मात्र तीच सगळं ठरवते, म्हणून ट्रान्सफॉर्मरवाले त्या पत्र्यांना इतका पैसा मोजतात. माझ्याकडे ट्रान्सफॉर्मर नव्हता, उंदीर होता.

"शिवाय ही फट मोठी आहे," ती म्हणाली, "तेव्हा फ्लक्स कडेने फुगतो. आमचे सर सांगतात, छेदाच्या दोन्ही बाजूंत फटीची लांबी मिळवून गणित करा." अडीच बाय दोनच्या जागी तीन बाय अडीच धरले तर छेद दीडपट होतो आणि फ्लक्सही जवळपास तितका वाढतो. मला धुगधुगी वाटली. पण कडेने जाणारा तो जास्तीचा फ्लक्स पट्टीला खाली ओढायला मदत करत नाही. काही फ्लक्स तर पट्टीपर्यंत पोचतच नाही, एका पायातून हवेतूनच परस्पर दुसऱ्या पायात उडी मारतो. फ्लक्सला बांध घालता येत नाही. विजेसाठी हवा जशी उत्तम विसंवाहक, तसं चुंबकासाठी साध्या वापरात काही मिळत नाही. म्हणून हे गणित दोन-पाच टक्क्यांत जुळेल ही अपेक्षाच ठेवायची नाही. मोठ्या फटीला तर वीस-तीस टक्क्यांचा फरक पडला तरी नशीब म्हणायचं.

इथे थांबायला हवं होतं. पण माझ्या लक्षात आलं की ओढ करंटच्या वर्गाने वाढते. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. साडेचार ओहमांत अडीच अँपिअरच्या वर करंट, ओढ जवळजवळ सातपट, म्हणजे किलोभर. कागदावर हे शंभर टक्के बरोबर होतं. मी रात्री जेवणं झाल्यावर, भाचीला न विचारता, शेजाऱ्यांच्या बॅटरीच्या तारा जोडल्या.

उंदराने मान उचलली हे म्हणणं फार सौम्य होईल. फट कमी होत जाते तसा रिलक्टन्स कमी होतो, फ्लक्स वाढतो, ओढ त्याच्या वर्गाने वाढते, त्याने फट आणखी झपाट्याने मिटते. सुरुवातीला किलोभर असलेली ओढ पट्टी टेकताना शंभर किलोच्या वर गेलेली असते. त्याहून जास्त होत नाही याचं श्रेय मघाच्या त्या कुरकुरणाऱ्या लोखंडाचं. खाड असा आवाज झाला, उंदराचं तोंड ताटाच्या कडेवर आपटलं, नाकाचा शेंडा तुटून मोदकांत पडला. मी घाईघाईने तार काढली. उंदीर मान वर करूनच राहिला.

करंट बंद, तरी पट्टी चिकटलेली. लोखंडात थोडं चुंबकत्व मागे उरतं. फट मोठी असेल तर त्या उरलेल्या चुंबकत्वाला रिलक्टन्स झेपत नाही आणि ते जवळजवळ पुसलं जातं. पण पट्टी पायांना घट्ट टेकली की फट म्हणजे केसभर, वार्निशाच्या थराइतकी, आणि तेवढ्या किरकोळ अडसरापुढे उरलेलं चुंबकत्वही किलोभर ओढ धरून ठेवू शकतं. डोकं पट्टीला उलट ओढत होतं ४०० ग्रॅमनी. तुटक्या नाकाचा उंदीर माझ्याकडे बघत होता, आणि खोलीत तापलेल्या वार्निशाचा वास सुटला होता. २४ गेजच्या तारेतून अडीच अँपिअर म्हणजे तीस वॉटची शेगडी, ती लगद्याच्या उंदराच्या पोटात. ही आतून म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हणालो, "उदबत्ती."

दुसऱ्या दिवशी सगळा संसार पिशवीत घालून मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉबिन नाकाला लावून हुंगलं, नखाने तार खरवडली आणि गुंडाळी वाचली आहे असा निकाल दिला. मग उंदीर उलटा धरून बघितला.

"साहेब, पट्टी एवढी लांब का ठेवली? हा काय रेल्वेचा सिग्नल आहे का?"

"डोकं ५ सेंटिमीटर उचलायचंय, मिस्त्री."

"मग ते दांडीने उचला ना. मॅग्नेटला जवळचं काम द्यायचं. रिले बघा, घंटा बघा, कॉन्टॅक्टर बघा. कुठल्याच मॅग्नेटला कुणी लांब पळवत नाही."

त्यांनी तरफेचा टेकू सरकवून ती एकास तीस केली. पट्टीची हालचाल ठेवली फक्त १ मिलिमीटर. दोन्ही पायांच्या माथ्यावर अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा चिकटवला. पितळ चुंबकाला हवेसारखंच वाटतं, त्यामुळे पट्टी कितीही टेकली तरी अर्धा मिलिमीटर फट कायम राहते. त्यांनी यातलं काहीही कागदावर मांडलं नाही. मी घरी येऊन मांडलं, त्यांनी बरोबर केलंय का ते तपासायला, हे लिहितानाही मला माझं कौतुक वाटतं.

सुटलेल्या स्थितीत प्रत्येक पायावर दीड मिलिमीटर, म्हणजे वाटेत एकूण ३ मिलिमीटर हवा. तिचा रिलक्टन्स ४७ लाख ७५ हजार, लोखंडाचा धरून सुमारे ४९ लाख. तोच चार्जर, तेच ५०० अँपिअर-वेढे. फ्लक्स ०.१ मिलिवेबर, घनता ०.२ टेस्ला, ओढ १ किलो ७०० ग्रॅमच्या जवळपास. तरफ एकास तीस झाल्यामुळे आता लागणार होते १ किलो २०० ग्रॅम. पट्टी पितळेवर टेकल्यावर हवा एकूण १ मिलिमीटर, रिलक्टन्स १७ लाख, घनता ०.५८ टेस्ला, ओढ १४ किलो. म्हणजे लोखंड दीड टेस्लाच्या खूप आत, ४,०००चा आकडा धरून केलेला सरळ भागाकार दोन्ही टोकांना चालतो, आणि आलेखाकडे जायची गरज नाही. करंट बंद केल्यावर उरलेल्या चुंबकत्वाची ओढ १०-१५ ग्रॅम. ती कोण विचारतो.

खरी ओढ किती, हे मी मोजलंही. दोन्ही पायांवर पत्त्यांच्या कॅटमधली पानं रचून फट दीड मिलिमीटर केली, वर पट्टी ठेवली, करंट सोडला आणि रद्दीवाल्याच्या ताणकाट्याने पट्टी सुटेपर्यंत वर ओढली. काटा दीड किलोच्या थोडा अलीकडे होता तेव्हा पट्टी सुटली. गणितात आणि काट्यात जो फरक राहिला तो वाटेत गळालेल्या फ्लक्सचा. फट दुप्पट केली की काटा पावपट दाखवतो, हेही करून बघण्यासारखं आहे. फट हाच खरा रिलक्टन्स आहे हे त्यातून डोळ्यांना दिसतं. ओढ पाव होण्याऐवजी थोडीच कमी झाली, तर समजायचं की लोखंडच अडवतंय, बहुधा ते भरून गेलंय.

गणपतीत उंदीर दहा दिवस चालला. मान ५ऐवजी ३ सेंटिमीटर उचलत होता, आणि टेकूची जागा बदलल्यामुळे ती सरळ वर न जाता जरा तिरकी जायची. मोदक दाखवल्यावर उंदीर "नको" म्हणतोय, असं अनेकांचं मत पडलं. मधुमेहाच्या जनजागृतीसाठी देखावा छान आहे, असा अभिप्राय वहीत कुणीतरी लिहून गेलं. नाक आम्ही फेव्हिकॉलने चिकटवलं होतं.

तुम्हाला असलं काही करायचं असेल तर वायपरची मोटर लावा. तरीही चुंबकच लावायचा असेल, तर गाभ्याच्या दुकानात जायच्या आधी वाटेतल्या सगळ्या फटी मोजा, त्यांचे मिलिमीटर मीटरमध्ये करून ४π गुणिले दहाचा उणे सातवा घात गुणिले चौरस मीटरमधला छेद याने भागा, आणि अँपिअर-वेढ्यांना त्या आकड्याने भागून बघा. फट मिलिमीटरभर असली तरी लोखंड विसरलात म्हणून माझ्या मापाच्या गाभ्यात सात-आठ टक्क्यांपलीकडे फरक पडत नाही. फट विसरलात तर मात्र उत्तर आठ टेस्ला येतं. आणि कुणाला सीआरजीओचा, फारसा न वापरलेला यू आकाराचा गाभा हवा असेल तर कळवा, मी तो योग्य भावात देईन, बिलासकट.